प्रदर्शनाची यादी परतीच्या टोकाकडून

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी घराण्यांतील दुसरी-तिसरी पिढी व्यापार मेळ्यांत आणि औद्योगिक प्रदर्शनांत स्टॉल घेऊ लागली आहे. जागेचे भाडे, फलकांची सजावट, कॅटलॉगची छपाई यांवर घराघरांत पुष्कळ विचार होतो. परंतु दुकानातून किती नग निघाले, त्यांतील किती परत आले आणि जे आले नाहीत त्यांचे काय झाले, या प्रश्नाचे लेखी उत्तर फारच थोड्या पेढ्यांकडे सापडते. आजच्या लेखाचा विषय हाच आहे. माल पाठवण्याची यादी कशी करावी आणि तीच यादी परतीच्या बांधणीचा आराखडा कशी व्हावी, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

उदाहरणासाठी स्थळ घेऊ चिपळूण तालुक्यातील पोफळी. कोयनेच्या भूमिगत वीजगृहामुळे हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, चिपळूण-कराड मार्गावर हे गाव वसले आहे. येथील एखाद्या पेढीने काजूगर आणि कोकमाचे आगळ घेऊन दिल्लीच्या भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात नऊ चौरस मीटरचा स्टॉल घेतला, असे समजू. हा मेळा दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर या काळात भारत मंडपम्, म्हणजे जुन्या प्रगती मैदानाच्या आवारात भरतो. पोफळीहून कराड-पुणे मार्गे दिल्लीचे अंतर सुमारे साडेसोळाशे किलोमीटर पडते. दिल्लीला थेट जाणारी मालमोटार गावात मिळत नाही. थोडा माल असेल तर तो आधी टेम्पोने घाट चढतो, कराडला किंवा पुण्याला वाहतूकदाराच्या गोदामात उतरतो, मोठ्या गाडीत चढतो, दिल्लीच्या सीमेवर पुन्हा उतरतो आणि शेवटी लहान गाडीने मंडपात पोहोचतो. जाताना इतके हात लागतात आणि येतानाही तितकेच लागतात. पोफळीसारख्या ठिकाणाहून जाणाऱ्या पेढीला यादीची गरज मुंबई-पुण्याच्या पेढीपेक्षा अधिक असते, ती यामुळेच.

पेटी परतणारी की न परतणारी

कोकणातल्या माणसाला पेटी भरणे शिकवावे लागत नाही. हापूसची पेटी कशी भरावी, पेंढा कुठे किती घालावा, हे येथील मुलेही जाणतात. मात्र आंब्याची पेटी परतण्यासाठी जातच नाही. ती खिळे ठोकून बंद होते, बाजारात पहारीने उघडली जाते, आणि तेथेच तिचा प्रवास संपतो. प्रदर्शनाची पेटी याच सवयीने भरली की पहिली अडचण उभी राहते. खिळ्यांची पेटी उघडताना फळी चिरते, झाकण पुन्हा बसत नाही, आणि २७ तारखेच्या रात्री दिवे, फलक आणि काचेच्या बरण्या गोणपाटात गुंडाळून आणण्याची वेळ येते.

म्हणून यादी करण्यापूर्वी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू मेळ्याच्या शेवटी कुठे असेल? उत्तरे तीनच आहेत. काही वस्तू परत येतील, काही वाटून किंवा वापरून संपतील, आणि काही विकल्या जातील. या लेखात त्यांना ‘परतणारे’, ‘संपणारे’ आणि ‘विक्रीचे’ अशी नावे देऊ. यादीचा पहिला रकाना वस्तूच्या नावाचा नसून या उत्तराचा असावा.

हा प्रश्न विचारताच एक गोष्ट लक्षात येते. आपण जिला एक वस्तू समजतो, तिच्यात पुष्कळदा दोन वस्तू असतात. दर्शनी मांडणीसाठी बारा काचेच्या बरण्यांत काजूगर भरून ठेवायचे आहेत. यादीत ‘काजूच्या बरण्या, १२’ असे लिहिले तर परतीच्या वेळी हिशेब जुळणार नाही. बरणी परतणारी आहे. तिच्यातील काजू चौदा दिवस दिव्यांखाली, वारंवार उघडल्या जाणाऱ्या झाकणाखाली राहून मऊ पडलेला असतो आणि पुन्हा विक्रीत मिसळता येत नाही. तो संपणारा आहे. म्हणून बरण्यांची ओळ वेगळी आणि त्यांत भरावयाच्या काजूची ओळ वेगळी लिहावी. फलकाची लोखंडी चौकट परतणारी, तर तिच्यावरचा ‘२०२५’ असे वर्ष छापलेला कागद संपणारा. पाठवणीच्या यादीतील निम्मे घोटाळे अशा जोडवस्तूंतून जन्मतात.

नग ठरवताना

आता दुसरा नियम. एका पेटीत एकाच उत्तराच्या वस्तू असाव्यात. परतणारे आणि संपणारे एकत्र भरले की मेळ्याच्या तिसऱ्या दिवशी पेटी अर्धी रिकामी होते, उरलेल्या वस्तू आत खडखडतात, आणि परतीच्या वेळी पेटीत काय असायला हवे हे कुणालाच सांगता येत नाही.

आपल्या उदाहरणातील नगांची विभागणी अशी होईल:

पेटी १, परतणारे: हत्यारे, सुटे बोल्ट, चिकटपट्टी, विजेची जोडवायर, परतीच्या चिठ्ठ्या, याद्यांच्या प्रती.
पेटी २, परतणारे: सहा दिवे, गुंडाळी फलकांच्या दोन चौकटी, पाठीमागचा कापडी पडदा.
पेटी ३, परतणारे: बारा काचेच्या बरण्या, वजनकाटा, लाकडी ट्रे.
पेटी ४, परतणारे: घडीचे रॅक.
खोकी ५ ते ९, संपणारे: कॅटलॉग, पत्रके, नमुन्याच्या पुड्या.
खोकी १० ते १७, विक्रीचे: काजूगराची पाव किलोची पाकिटे, एका खोक्यात ६०, एकूण ४८०.
खोकी १८ ते २७, विक्रीचे: आगळाच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या, एका खोक्यात १२, एकूण १२०.

एकूण २७ नग. टेबल, खुर्च्या आणि मूळ भिंती यांत नाहीत, कारण तयार स्टॉल घेतल्यास त्या सहसा आयोजकच देतात. काय मिळणार आहे हे त्यांच्या पुस्तिकेत वाचून मगच यादी बांधावी. पोफळीहून टेबल नेणे आणि परत आणणे याला अर्थ नाही.

संपणाऱ्या मालाची संख्या अंदाजाने न लिहिता मेळ्याच्या रचनेवरून काढावी. दिल्लीच्या या मेळ्यात पहिले पाच दिवस, १४ ते १८ नोव्हेंबर, व्यापाऱ्यांसाठी राखीव असतात आणि पुढे सर्वसामान्य जनतेला प्रवेश मिळतो. सोळा पानांचा कॅटलॉग फक्त व्यापाऱ्याला द्यायचा असतो, तर साधे पत्रक येणाऱ्या प्रत्येकाला. दिवसाला ८० व्यापारी धरले तर पाच दिवसांचे ४०० कॅटलॉग पुरतात. वजनाचा हिशेबही कागदावरून होतो. ए-फोर आकाराचे एक पान चौरस मीटरच्या सोळाव्या भागाएवढे असते. १३० ग्रॅम कागदाची अशी आठ पाने म्हणजे सुमारे ६५ ग्रॅम. ४०० प्रतींचे २६ किलो झाले. ते एका खोक्यात भरले तर तळ फाटतो, म्हणून दोन खोक्यांत तेरा-तेरा किलो. याच रीतीने निम्म्या आकाराची २००० पत्रके सुमारे आठ किलो भरतात, त्यांचे एक खोके. वीस ग्रॅमच्या १५०० नमुना पुड्या तीस किलो होतात, त्यांची दोन खोकी. यादीत वजन लिहिण्याचा आणखी एक लाभ आहे. परतीच्या वेळी पेटी उघडता आली नाही, तरी काट्यावर ठेवून तिच्यात काही कमी आहे का, याचा अंदाज येतो.

पेटीची घडण

परतणाऱ्या वस्तूंसाठी चार पेट्या प्लायवूडच्या कराव्यात. ९० × ६० × ६० सेंटिमीटर हा आकार सोयीचा. नऊ मिलिमीटरचे प्लाय आणि कडांना लाकडी पट्ट्या घातल्या, तर रिकामी पेटीच वीस किलोच्या आसपास भरते. आत वीस-पंचवीस किलो माल ठेवला की दोन माणसांना उचलण्याजोगे ओझे होते. त्याहून जड पेटी हमाल उचलत नाहीत, लोटतात. तळाला दोन आडव्या पट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे हातगाडीचा दांडा खाली शिरतो. झाकणाला खिळे नकोत. बिजागरी आणि कडी-कोयंडा, अथवा बोल्ट आणि हाताने फिरणारी चाकी, असे काहीही चालेल, मात्र ते हत्याराशिवाय उघडावे आणि तितक्याच सहज बंद व्हावे.

आतील बांधणीत पेंढा आणि कागदाचे बोळे टाळावेत. पेंढा आगीला निमंत्रण देतो, मंडपात सांडतो, आणि परतीच्या वेळी त्यातला निम्माही हाती राहत नाही. जाड फोममध्ये प्रत्येक बरणीचा, प्रत्येक दिव्याचा आकार कापून घ्यावा. हा खर्च एकदाच होतो. याचा खरा उपयोग परतीच्या रात्री कळतो. पेटीतील रिकामा खळगा स्वतःच सांगतो की येथील वस्तू राहिली. थकलेल्या माणसाला यादी वाचण्याचा कंटाळा येतो, पण खळगा दिसल्यावाचून राहत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूस भरलेल्या पेटीचे छायाचित्र आणि तिची यादी चिकटवावी, कारण पेटी भरणारा पोफळीचा आणि परत बांधणारा दिल्लीत भाड्याने घेतलेला मदतनीस, असे नेहमीच घडते.

आकाराबाबत एक सावधगिरी सांगतो. हवाई कुरियरवाले हलक्या पण मोठ्या नगाचे भाडे वजनावर न घेता आकारमानावर घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात. आपली पेटी या हिशेबात सुमारे ६५ किलोची ठरते, प्रत्यक्ष वजन ४० किलो असले तरी. म्हणून पेट्या रस्त्यानेच जाव्यात आणि परतीचेही दिवस त्या बेताने धरावेत. ऐनवेळी ‘विमानाने मागवून घेऊ’ हा मार्ग महागात पडतो.

रिकाम्या पेट्यांचे चौदा दिवस

मांडणी झाली की रिकाम्या पेट्यांचे काय करायचे, हे यादीत कुणीच लिहीत नाही. स्टॉलच्या पाठीमागे त्या ठेवू देत नाहीत, कारण ती वाट आगीच्या वेळी मोकळी असावी लागते. सामान्यतः आयोजकांनी नेमलेला मालहाताळणी ठेकेदार पैसे घेऊन त्या गोदामात ठेवतो आणि मेळा संपल्यावर आणून देतो. त्या पेट्यांवर स्टॉलचा क्रमांक आणि ‘रिकामी, परत द्यावी’ असे दोन बाजूंना लिहिलेले हवे. न लिहिलेली पेटी कचरा समजून उचलली जाते. फोम पेटीतच ठेवावा. पेटी १ मात्र गोदामात पाठवू नये. ती सर्वांत आधी उघडायची आणि सर्वांत शेवटी बंद करायची असते. टेबलाखाली ती मावते, आणि त्या रात्री हत्यारे व चिठ्ठ्या हाताशी असतात.

कागदपत्रांची दोन वाटा

माल तीन प्रकारांत विभागण्याचे कारण केवळ सोय नव्हे. प्रत्येक प्रकाराचा कागद वेगळा आहे.

परतणाऱ्या वस्तू विकायच्या नाहीत, म्हणून त्यांचे बिल होत नाही. जीएसटीच्या नियम ५५ प्रमाणे त्या डिलिव्हरी चलनावर जातात. चलनाला अनुक्रमांक हवा. वस्तूचे वर्णन, संख्या आणि मूल्य हवे. आणि तीन प्रती हव्यात. आपल्या पेट्यांची यादी नीट असेल तर चलन म्हणजे तिचीच नक्कल ठरते. मालाचे मूल्य पन्नास हजारांहून अधिक असेल तर ई-वे बिल लागते. तेथे उपप्रकारांत `Exhibition or Fairs` असा पर्यायच दिलेला आहे. मोठ्या मापाचा खास माल सोडला तर या बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात, म्हणजे साडेसोळाशे किलोमीटरसाठी नऊ दिवस. घाटात गाडी बंद पडली किंवा गोदामात माल अडकला, तर ही मुदत सरते की नाही यावर लक्ष ठेवावे. कागदाविना माल पकडला गेला तर मालकाने पुढे येऊनही कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो.

विक्रीच्या मालाची वाट निराळी आहे. परराज्यात तात्पुरती विक्री करणाऱ्याला तेथे ‘प्रासंगिक करदाता’ म्हणून नोंदणी घ्यावी लागते. विक्री सुरू होण्याच्या किमान पाच दिवस आधी अर्ज करावा लागतो, अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो, आणि ही नोंदणी जास्तीत जास्त ९० दिवसांची असते. ती पुढे वाढवून मागता येते. आपला माल या दिल्लीच्या नोंदणीकडे जातो तो चलनाने न जाता करबिलाने, आणि न विकलेला माल परत येतो तोही त्या नोंदणीच्या बिलाने, तिची मुदत संपण्याआधी. आपल्या कर सल्लागाराला हे दोन्ही गट वेगळे मांडून दाखवावेत. एकाच यादीत मिसळलेले दाखवले तर त्याला योग्य सल्ला देणे कठीण जाते.

संपणाऱ्या मालातही एक गोष्ट दडलेली आहे. मोफत वाटलेल्या नमुन्यांवर, तसेच हरवलेल्या किंवा मोडलेल्या मालावर, खरेदीच्या वेळी घेतलेली कराची वजावट टिकत नाही. ती परत करावी लागते. त्यासाठी किती पुड्या वाटल्या आणि किती बरण्या फुटल्या, हे आकडे लागतात. म्हणून रोज रात्री खोक्यातील शिल्लक मोजून वहीत लिहावी. बँकेत दिवसाअखेर रोकड जुळवल्याशिवाय तिजोरी बंद होत नसे. येथेही सूत्र तेच आहे: गेले ते परतलेले, विकलेले, वाटलेले आणि मोडलेले यांच्या बेरजेएवढे असले पाहिजे.

पंचवीस तारखेचा निर्णय

परतीचा आराखडा २७ तारखेच्या रात्री करायचा नसतो. २५ तारखेच्या रात्री विक्रीच्या मालाची शिल्लक पाहावी. समजा काजूची ९० पाकिटे आणि आगळाच्या ३० बाटल्या उरल्या आहेत. परतीचे भाडे किलोला वीस रुपये पडते आणि काजूचे पाकीट ३०० रुपयांचे, असे धरू. काजूच्या एक किलोची किंमत १२०० रुपये, त्यावर भाडे वीस रुपये. हा माल निःशंकपणे परत आणावा; बंद पाकिटातील काजू टिकतो आणि पोफळीतही त्याला गिऱ्हाईक आहे. आगळाची बाटली १५० रुपयांची धरली, तर काचेसह तिचे वजन किलोच्या जवळपास. भाडे अठरा-वीस रुपये, वर फुटण्याचा धोका, आणि एक बाटली फुटली की शेजारचे काजूचे खोकेही लाल होते. येथे उरलेल्या दोन दिवसांत दहा-बारा टक्के सूट देऊन माल संपवणे शहाणपणाचे. सूत्र असे की किलोमागे किंमत मोठी असेल तर माल परत यावा, आणि किंमत लहान, वजन मोठे असेल तर तो तेथेच राहावा.

यावरून परतीच्या नगांची संख्या ठरते. चार पेट्या तर नक्कीच, आणि ९० पाकिटांची दोन खोकी. म्हणजे सहा नग. गाडी सहा नगांचीच सांगावी. जाताना २७ नग गेले म्हणून येतानाही तेवढीच गाडी ठरवणारे निम्मे भाडे हवेला देतात. काजूची दोन रिकामी खोकी आधीपासून सपाट घडी घालून टेबलाखाली राखून ठेवावीत, कारण त्या रात्री मंडपात चांगले खोके मिळत नाही.

गाडीबद्दल आणखी एक गोष्ट. दिल्लीत मोठ्या मालमोटारींना दिवसा प्रवेश नसतो, आणि नोव्हेंबर हा तेथील हवा बिघडण्याचा महिना. मेळा चालू असतानाच १८ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रदूषणाच्या चौथ्या टप्प्याचे निर्बंध लागू झाले. अत्यावश्यक माल वगळता बाहेरच्या मालमोटारींना शहरात येण्यास मनाई झाली. सूट होती ती सीएनजी, एलएनजी, विजेवरील आणि बीएस-६ डिझेल गाड्यांना. म्हणून परतीची गाडी ठरवताना ती बीएस-६ वा सीएनजी आहे, हे वाहतूकदाराकडून लिहून घ्यावे.

शेवटची रात्र

२७ तारखेला मेळा संपण्याच्या घोषणेपूर्वी मांडणी काढू देत नाहीत, आणि घोषणेनंतर सारेच एकदम बांधू लागतात. रिकाम्या पेट्या यायला दोन-तीन तास लागू शकतात. हा वेळ वाया घालवू नये. प्रथम दिवे बंद करून थंड होऊ द्यावेत. बरण्या रिकाम्या करून पुसाव्यात. ओलसर बरणी फोममध्ये गेली की कराड येईपर्यंत बुरशी धरते. विक्रीच्या उरलेल्या पाकिटांची मोजदाद करून ती खोक्यांत बंद करावी. त्यानंतर येतील तशा पेट्या ३, २ आणि ४ या क्रमाने भराव्यात. आधी काच, कारण त्या वेळी हात ताजे असतात. शेवटी रॅक, कारण बाकीची मांडणी उतरल्याशिवाय तो मोकळा होत नाही. पेटी १ अखेरची.

पेटी बंद करण्यापूर्वी दोन माणसांनी यादी वाचावी: एकाने वस्तूचे नाव घ्यावे, दुसऱ्याने ती पाहून ‘आहे’ म्हणावे. बारांपैकी अकराच बरण्या असतील तर यादीत ‘११, एक फुटली’ असे तेथेच लिहावे. मग जाताना लावलेली दिल्लीची चिठ्ठी पूर्ण काढून टाकावी आणि पोफळीच्या पत्त्याची, घरूनच छापून आणलेली चिठ्ठी दोन बाजूंना लावावी. जुनी चिठ्ठी तशीच राहिली तर पुण्याच्या गोदामातून पेटी पुन्हा दिल्लीकडे रवाना होण्याचा धोका खरा आहे.

मंडपाच्या दारातून माल बाहेर काढण्यासाठी आयोजकांचा गेटपास लागतो आणि त्यावर नगांची यादी हवी असते. ती सहा नगांची यादी २६ तारखेलाच लिहून ठेवावी. चार पेट्यांचे परतीचे ई-वे बिल घरी बसलेला मुलगा किंवा मुनीम करू शकतो. आवक मालाच्या भागातही `Exhibition or Fairs` हा उपप्रकार आहे. त्याला मूळ चलनाचा क्रमांक आणि परतीच्या वस्तूंची संख्या आधी कळवावी. गाडीचा क्रमांक मात्र शेवटच्या क्षणी समजतो. त्यासाठी बिलाचा पहिला भाग आधी भरून ठेवता येतो आणि १५ दिवसांच्या आत वाहनाचा दुसरा भाग भरता येतो. काजूच्या दोन खोक्यांचे बिल दिल्लीच्या नोंदणीतून वेगळे निघेल.

विम्याबाबत इतकेच सांगतो की जाण्याचा विमा परतीला आपोआप लागू होत नाही. पॉलिसी घेतानाच जाणे, प्रदर्शनातील मुक्काम आणि येणे, असे तिन्ही भाग लिहून घ्यावेत. अपुऱ्या बांधणीमुळे झालेले नुकसान विमा कंपन्या नाकारतात. झाकणावरचे छायाचित्र येथे पुरावा म्हणून कामी येते. पोफळीत पेटी उतरवून घेताना ती फुटलेली दिसली, तर सही करण्यापूर्वी बिल्टीवर तसा शेरा मारावा. वाहतूकदारावर दावा करायचा झाल्यास कायद्याने माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते.

परदेशी मेळा असेल तर

हीच पेढी उद्या दुबईच्या खाद्यमेळ्यात गेली, तर वरील तीन उत्तरे आणखी कडक होतात. परतणाऱ्या वस्तूंसाठी ‘एटीए कार्नेट’ नावाचा दस्तऐवज मिळतो. भारतात तो फिक्की ही संस्था देते. त्याच्या बळावर तेथील आयातकर न भरता माल नेता आणि आणता येतो. तो घेताना हमीची रक्कम वा बँक गॅरंटी द्यावी लागते. त्याची सर्वसाधारण यादी म्हणजे आपलीच यादी: क्रमांक, वर्णन, नगसंख्या, वजन, मूल्य. एकदा दस्तऐवज निघाला की तीत नवी वस्तू घालता येत नाही, आणि वाटून किंवा खाऊन संपणारा माल तीत बसतच नाही. कॅटलॉग आणि नमुना पुड्या वेगळ्या आयात कागदांनीच जातात. बरणी यादीत आहे आणि परतीच्या वेळी ती दाखवता आली नाही, तर तिचा कर हमीतून वसूल होऊ शकतो. घन लाकडाच्या पट्ट्या लावलेल्या पेट्यांना ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो; निव्वळ प्लायवूडला तो लागत नाही.

भारतीय बाजूने पाहता, १८ जुलै २०१९ च्या जीएसटी परिपत्रक क्रमांक १०८ प्रमाणे प्रदर्शनासाठी परदेशी नेलेला माल डिलिव्हरी चलनावर जातो आणि तो पुरवठा मानला जात नाही. परंतु सहा महिन्यांत तो परतला नाही किंवा विकला गेला नाही, तर त्या मुदतीअखेर तो पुरवला गेला असे समजून बिल करावे लागते. म्हणजे तेथे राहिलेल्या रॅकची आठवण कुणाला नसली, तरी कागदावरचा हिशेब उघडाच राहतो.

माल घरी आला की तीन दिवसांच्या आत पेट्या उघडून मूळ यादीशी ताडून पाहाव्यात, फुटलेल्या बरणीची जागा भरावी, वापरलेले बोल्ट आणि चिकटपट्टी पेटी १ मध्ये पुन्हा ठेवावी आणि पेट्या तशाच कोरड्या जागी उचलून ठेवाव्यात. कोकणच्या पावसाळ्यात जमिनीवर ठेवलेले प्लाय फुगते. यादीच्या शेवटी त्या वर्षीचे चार आकडे लिहावेत: कॅटलॉग किती उरले, पुड्या किती उरल्या, पाकिटे किती परतली, किती वस्तू मोडल्या. पुढच्या नोव्हेंबरची यादी या चार आकड्यांवरून सुरू करावी.